अगरबत्तीचं नाव ठरवताना: ‘दिव्य’ आणि ‘शुद्ध’ वगळून केलेल्या कामाच्या नोंदी

3 जून 2025

नाव तीन काड्यांच्या एका मालिकेला द्यायचं आहे. तिन्ही काड्या नऊ इंची, बांबूच्या आणि हाताने वळलेल्या. बांधणीला जिगट, म्हणजे मैदा लकडीच्या सालीची भुकटी. कोळशाची भुकटी नाही, आणि सुगंध पातळ करायला बाजारात सर्रास वापरतात ते डीईपीही नाही. पहिल्या काडीत वाळा आणि नागरमोथा, दुसरीत दवणा आणि मरवा, तिसरीत राळ आणि गुग्गुळ.

दोन नावं लागतील. एक तिन्हींवर येणारं मालिकेचं आणि दुसरं प्रत्येक काडीचं स्वतःचं. सुरुवातीला हा फरक कागदावर मांडला नाही आणि त्यात बराच वेळ गेला. म्हणून इथे तो पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो आहोत.

5 जून

किराणा, पूजा साहित्य आणि मॉल अशा तिन्ही ठिकाणच्या पुड्यांवरची नावं वहीत उतरवली. दिव्य, शुद्ध, पवित्र, पावन, मंगल, भक्ती, आराधना हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘वापरून जुने झाले’ एवढंच कारण देऊन ते सोडावेत असं वाटलं नाही, म्हणून नेमकं काय बिघडतं ते तपासलं.

त्यासाठी एक साधी चाचणी केली. चंदनाच्या पुडीवरचं नाव मोगऱ्याच्या पुडीवर ठेवून पाहायचं. ‘दिव्य’ तिथे तितकंच बसतं. ते लोबानावर बसतं, कापरावर बसतं आणि तुपाच्या डब्यावरही बसतं. म्हणजे हा शब्द वासाबद्दल काहीच सांगत नाही. तो घेणाऱ्याच्या श्रद्धेची स्तुती करतो, आणि ती श्रद्धा आमच्या काडीने निर्माण केलेली नाही. ‘शुद्ध’चं वेगळं आहे. तो दावा आहे, आणि दावा केला की पुरावा ठेवावा लागतो. त्याबद्दल 15 जुलैच्या नोंदीत.

आता काडीच्या नावाची कसोटी ठरली: ते दुसऱ्या काडीवर ठेवलं तर खोटं वाटायला हवं.

10 जून

पहिली यादी पूर्ण फसली. परिमळ, सौरभ, सुवास, निर्मळ, सात्त्विक, गंधार. पाच दिवस यावर घालवले आणि अदलाबदलीच्या चाचणीत एकही टिकलं नाही. ‘शुद्ध’ काढून ‘निर्मळ’ ठेवला तर जुन्याच शब्दाला नवं वस्त्र नेसवल्यासारखं होतं. ‘परिमळ’ सुंदर शब्द आहे, पण त्याचा अर्थच सुगंध. अगरबत्तीला सुगंध म्हणणं म्हणजे साखरेला गोड म्हणणं.

चूक पद्धतीत होती. आम्ही शब्दकोश उघडून बसलो होतो. त्यात एका शब्दातून त्याच्याच भावंडांकडे जाता येतं, काडीकडे जाता येत नाही.

12 ते 18 जून

काड्या लोकांना हुंगायला द्यायचं ठरवलं. बारा जण, वयं विशीपासून सत्तरीपर्यंत. पहिली फेरी वाया गेली आणि त्याची कारणं दोन.

पहिलं असं की तिन्ही काड्या एकाच खोलीत अर्ध्या-अर्ध्या तासाने लावल्या. वाळ्याचा वास जड असतो, तो पडद्यात आणि कपड्यांत राहतो. पुढच्या दोन काड्यांबद्दल लोक जे बोलले त्यात वाळा मिसळलेला होता. नंतर एका दिवशी एकच काडी ठेवली, खिडक्या उघडून दोन तास खोली मोकळी केली आणि मगच माणूस आत बोलावला.

दुसरं कारण प्रश्नाचं. ‘याला काय नाव द्याल?’ असं विचारलं की माणूस आठवणीतल्या पुड्या चाळतो, आणि उत्तरं येतात पावन, मंगल, देवघर. प्रश्न बदलला: ‘हा वास याआधी कुठे आला होता?’ त्यासरशी उत्तरांची जातच बदलली. वाळ्याच्या काडीला कुणी माठातलं पाणी म्हणालं, कुणी कूलरची ओली ताटी. दवण्याला ‘चैत्रात बाजारात जुड्या येतात त्या’ आणि ‘जोतिबाहून आणलेली पिशवी’. जोतिबाला चैत्र यात्रेत दवणा वाहतात, त्यामुळे कोल्हापूरकडच्या माणसाला हा वास ओळखायला क्षणही लागत नाही. तिसऱ्या काडीला ‘बाळंतिणीची खोली’ आणि ‘धूपाटणं’.

हे कुणीही करणार असाल तर उत्तरं शब्दशः टिपा. पहिल्या दिवशी आम्ही ‘माठातलं पाणी’च्या जागी ‘ताजेपणा’ असं लिहून ठेवलं होतं, आणि नेमका उपयोगाचा भागच हातातून गेला होता.

19 जून

याच चाचणीत आणखी एक गोष्ट कळली. दुकानात गिऱ्हाईक पुडी नाकाशी धरतं, म्हणजे न पेटवलेल्या काडीचा वास घेतं. घरी येतो तो पेटवलेला वास. दोन्ही एक नसतात. दवणा न पेटवता फळासारखा गोडसर येतो आणि जळताना तिखट, हिरवट होतो. वाळा दोन्ही वेळी ओळखू येतो. गुग्गुळाची काडी मात्र न पेटवता जवळपास मुकी असते. तिचं सगळं काम आग लागल्यावर.

म्हणून तिसऱ्या काडीच्या नावात आग दिसलीच पाहिजे. नाहीतर दुकानात पुडी हुंगून ‘याला वासच नाही’ म्हणत माणूस ती परत ठेवेल.

21 जून

काड्यांची नावं ठरली: ‘माठातला वाळा’, ‘जुडीतला दवणा’, ‘निखाऱ्यावरचा गुग्गुळ’.

रचना एकच आहे, जिन्नस आणि तो जिथे भेटतो ती जागा. नुसतं ‘वाळा’ किंवा ‘दवणा’ हे बाजारात कुणाचंही असू शकतं, जागेमुळे ते या काडीचं होतं. अदलाबदलीच्या चाचणीत तिन्ही उतरली. माठात गुग्गुळ कुणी टाकत नाही.

‘निखाऱ्यावरचा ऊद’ असाही पर्याय होता आणि कानाला तो जास्त गोड लागतो. पण ऊद म्हणजे मुळात अगरू. उदबत्ती हा शब्द त्यावरूनच आला. घराघरांत मात्र ऊद म्हणून लोबानासारखं धूपद्रव्य निखाऱ्यावर घालतात. आखाती देशांतला मराठी माणूस ऊद वाचून अगरूची अपेक्षा करेल, आणि काडीत अगरू नाही. पर्याय सोडला.

23 ते 30 जून

नावामुळे मालच बदलावा लागला. या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ गेला, पण तो द्यायलाच हवा होता.

तिसऱ्या काडीच्या 100 ग्रॅम कोरड्या मसाल्यात राळ 18 ग्रॅम आणि गुग्गुळ फक्त 6 ग्रॅम होता. राळ स्वस्त, कुटायला सोपी आणि धूर भरपूर देणारी. पण पुडीवर गुग्गुळ लिहायचं आणि आत राळ तिप्पट, हे चालणार नाही. नाव उचलून धरायचं तर प्रमाण उलटं हवं.

आधी गुग्गुळ 14 आणि राळ 8 करून पाहिलं. काड्या एक तृतीयांश जळून विझू लागल्या. गुग्गुळासारखं चिकट धूपद्रव्य जास्त झालं की ते आगीच्या पुढे वितळतं, भुकटीतल्या फटी बुजवतं आणि आगीला हवा मिळत नाही. विझलेल्या टोकाशी काळा चकचकीत थर दिसला की कारण हेच समजायचं. शेवटी गुग्गुळ 12 आणि राळ 6 ठेवून त्या 22 मधले उरलेले 4 ग्रॅम लाकडाच्या भुकटीत वाढवले. काडी शेवटपर्यंत जळली.

गुग्गुळ कुटतानाही अडचण आली. खलबत्त्यात तो गरम होऊन चिकटतो आणि त्याचा गोळा होतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, सकाळी थोडी लाकडाची भुकटी घालून थोडा थोडा कुटला तर बारीक होतो. जाड कण राहिले तर ते जळताना फुटतात आणि ठिणगी उडते, म्हणून मैद्याच्या चाळणीने चाळला. वाळवायला आधी दोन दिवस सावलीत पुरत, आता चार लागतात. पावसाळी हवेत त्याहून जास्त.

2 जुलै

आता मालिकेचं नाव. इथे कसोटी उलटी, ते तिन्ही काड्यांवर बसायला हवं आणि तरीही स्तुतिपर नको. वास आणि देव दोन्ही बाजूला ठेवून घर, अंगण आणि वेळ यांचे शब्द घेतले: सडा, रांजण, कातरवेळ, दिवेलागण, ओसरी.

हे शब्द फोनवरून तपासले. मराठी न बोलणाऱ्या दुकानदारांना नाव एकदाच सांगायचं आणि त्यांना रोमन अक्षरांत लिहून पाठवायला लावायचं. मग ते लिहिलेलं तिसऱ्याला वाचायला द्यायचं.

‘सडा’ तिथेच गळाला. Sada असं लिहिलेलं हिंदी वाचक ‘सदा’ तरी वाचतो किंवा ‘सड़ा’, म्हणजे कुजलेला. ‘रांजण’ परत आला तो ‘रंजन’ होऊन. ‘कातरवेळ’ उच्चारात फसला आणि अर्थातही; मराठी माणसाच्या मनात त्या वेळेबरोबर हुरहूर येते, घरात रोज लावायच्या काडीला ती नको.

‘दिवेलागण’वर सगळ्यांचा जीव होता. तीन दिवस त्यावर अडून राहिलो. पण रोमनमध्ये पहिली तीन अक्षरं D-I-V येतात, आणि ज्या शब्दापासून लांब जायचं ठरवलं त्याच्याच शेजारी नाव जाऊन उभं राहतं. दुकानातल्या यादीत ते ‘दिव्य’ने सुरू होणाऱ्या नावांच्या रांगेत लागेल आणि फोनवर अर्धंच ऐकू आलं तर ‘दिव्य’च ऐकू येईल.

‘ओसरी’ टिकली. तीन अक्षरं, त्यात ळ आणि ण नाही. हिंदी पट्ट्यात ओसारा हा शब्द त्याच अर्थाने आहे, त्यामुळे तिथेही परकं वाटत नाही. एक आक्षेप आला की ‘ओसरणे’ आठवतं, म्हणजे कमी होणं. त्यावर बराच विचार केला. मराठीत ‘ओसरी’ हे नाम इतकं घट्ट आहे की एकटं आलं तर जागाच डोळ्यांसमोर येते. ठेवलं.

‘माठातला वाळा’ रोमनमध्ये नेलं की वाळाचा ‘वाला’ होतो. त्यावर उपाय असा की काड्यांची नावं देवनागरीतच ठेवायची आणि मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजीत जिन्नस लिहायचा: खस, दवना, गुग्गुल. रोमन रूप फक्त मालिकेच्या नावाला.

4 जुलै

ट्रेडमार्क शोध. अगरबत्ती आणि धूप वर्ग 3 मध्ये येतात. आयपी इंडियाच्या सार्वजनिक शोधात आधी फक्त देवनागरीत नाव टाकून पाहिलं, काही आलं नाही आणि आम्ही खूश झालो. हा शोध निरुपयोगी होता, कारण बहुतेक अर्ज रोमन अक्षरांत असतात. दुसऱ्या दिवशी नीट केलं. Wordmark मध्ये Start With आणि Contains दोन्ही, वर्ग 3, आणि पुढची रूपं एकेक करून:

```
OSARI
OSRI
OSAREE
OSREE
```

त्यानंतर Phonetic. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 11 मध्ये हुबेहूब नावाइतकंच मिळतंजुळतं नावही आड येतं आणि उच्चाराचा विचार होतो, म्हणून हा टप्पा गाळू नये. जूनमध्ये मनात घोळणारं एक नाव याच टप्प्यावर गेलं. त्याच्यासारखा उच्चार असलेलं दुसऱ्या कुणाचं नाव याच वर्गात आधीच होतं. ते आमचं नसल्यामुळे इथे लिहीत नाही. पण तेव्हाच शोध घेतला असता तर त्या नावाच्या अक्षरांवर घालवलेले चार दिवस वाचले असते. ‘ओसरी’साठी अडेल असं काही दिसलं नाही.

5 जुलै

ट्रेडमार्क कायदा, 1999 समोर ठेवून यादी पुन्हा तपासली. कलम 9(1)(b) नुसार मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणारं नाव नोंदायला अडचण येते. जे शब्द आम्ही कंटाळून सोडले ते इथेही अडखळतात, ‘शुद्ध’ हा सरळ गुण सांगतो. ठिकाणाबाबतही जपायला हवं. म्हैसूर अगरबत्ती हे भौगोलिक मानांकन आहे, तिथे न बनलेल्या मालावर ते नाव घालता येत नाही.

धार्मिक नावांसाठी अगरबत्तीचाच खटला वाचण्यासारखा आहे. लाल बाबू प्रियदर्शी विरुद्ध अमृतपाल सिंग, 2015. अगरबत्ती-धूपसाठी ‘रामायण’ हे नाव मागितलं होतं. धर्मग्रंथाचं नाव कुणा एकाला आपल्या मालासाठी राखून ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पुढेमागे शब्द जोडून नाव पुरेसं वेगळं केलं तर विचार होऊ शकतो, अशी वाट ठेवली आहे. नाव समजा मिळालं तरी शेजारच्या दुकानात तोच ग्रंथ दुसऱ्या पुडीवर दिसणार, हे आम्हाला पुरेसं होतं.

आपल्या तिन्ही काड्यांची नावं नोंदवायची नाहीत असंही ठरलं. ती वर्णनपर आहेत आणि तशीच राहावीत. राखायचं ते ‘ओसरी’.

9 ते 12 जुलै

छपाईत 2,400 रुपये गेले. 150 खोके, एकेक 16 रुपयांचा. चूक ‘निखाऱ्यावरचा’ या शब्दात. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये दिला, छापखान्याने तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला. सगळ्या खोक्यांवर ‘निखार्यावरचा’. पडद्यावरच्या नमुन्यात आम्ही रंग पाहिले, अक्षरं पाहिली नाहीत.

पुन्हा देताना अक्षरांची आधी आउटलाइन केली, म्हणजे फॉन्ट बदलण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि एक खोका कागदावर छापून मागवला. ज्यांच्या नावात ऱ्या, ऱ्ह किंवा जोडाक्षरं आहेत त्यांनी कागदावरचा नमुना घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

त्याच नमुन्यात दुसरी गोष्ट दिसली. दुकानात अगरबत्तीचे लांबट खोके आडवे रचतात आणि समोर फक्त टोकाची झडप येते. आमच्या खोक्याची झडप साधारण चार सेंटीमीटर बाय अडीच. तिथे ‘निखाऱ्यावरचा गुग्गुळ’ एवढं मावत नाही. खाली दोन उकार, वर वेलांटी, मध्ये ‘ऱ्या’, सगळं दाटतं आणि हातभर अंतरावरून वाचता येत नाही. झडपेवर फक्त ‘ओसरी’ आणि त्या काडीसाठी ठरवलेला रंग ठेवला.

15 जुलै

मागच्या बाजूचा मजकूर. पहिल्या मसुद्यात ‘शंभर टक्के नैसर्गिक’ होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर 2024 ची ग्रीनवॉशिंगबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘ऑरगॅनिक’ असे मोघम शब्द पुरेसा खुलासा आणि आधार दिल्याशिवाय वापरता येत नाहीत. म्हणजे ‘दिव्य’ नुसतं पोकळ आहे, पण ‘शुद्ध’ जबाबदारीचं आहे.

विशेषण काढलं आणि यादी लिहिली: बांबूची काडी, मैदा लकडी, लाकडाची भुकटी, वाळा, नागरमोथा. खाली एक ओळ: कोळसा आणि डीईपी वापरलेलं नाही. यातला प्रत्येक शब्द खरेदीच्या बिलाने दाखवता येतो. दवण्याच्या काडीला हिरवट दिसावी म्हणून किंचित रंग होता, यादी लिहिताना तो समोर आला आणि काढून टाकला. काडी आता मातकट तपकिरी दिसते.

पॅकबंद मालाच्या नियमांनुसार लागणारा तपशील, म्हणजे वस्तूचं सामान्य नाव, परिमाण, किंमत, पत्ता वगैरे, हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मराठी नाव कितीही स्पष्ट असलं तरी ‘अगरबत्ती’ हा शब्द वेगळा छापावाच लागतो. तो आम्ही ‘ओसरी’खाली लगेच घेतला.

18 जुलै

ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म टीएम-ए ऑनलाइन भरला. वर्ग 3, माल: अगरबत्ती आणि धूप. उद्यम प्रमाणपत्र जोडल्यामुळे शुल्क 4,500 रुपये, ते नसतं तर 9,000. चिन्ह न देता नुसतं अक्षरी नाव दिलं, म्हणजे उद्या चित्र बदललं तरी अर्ज उपयोगी राहील. शब्द मराठी असल्यामुळे उच्चार आणि अर्थ दोन्ही लिहून दिले. विक्री सुरू नव्हती म्हणून ‘वापरणार आहोत’ असा पर्याय निवडला. जुन्या वापराचा दावा केला तर प्रतिज्ञापत्र आणि बिलं लागतात.

नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी होईपर्यंत खोक्यावर ™ चालतं, ® नाही.

26 ऑगस्ट

पाच दुकानांत महिनाभर माल ठेवून दुरुस्ती एकच निघाली. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं तेव्हा ‘ओसरी द्या’ म्हणत नाही, ‘ती वाळ्याची द्या’ म्हणतं. झडपेवर जिन्नसाचं नाव नसल्यामुळे दुकानदाराला प्रत्येक वेळी खोका ओढून पाहावा लागतो, आणि रंगांवरून तो हिरवा आणि निळसर यांत गफलत करतो.

पुढच्या छपाईत झडपेवर ‘ओसरी’ लहान केलं आणि खाली एकच शब्द मोठा घेतला: वाळा, दवणा, गुग्गुळ. पूर्ण नाव वरच्या लांब बाजूवर राहिलं. ‘गुग्गुळ’चे दोन्ही उकार झडपेच्या दुमडीत जात होते, म्हणून तो शब्द तीन मिलिमीटर वर उचलला. नमुना खोका कागदावर आला आहे. अक्षरं वाचून झाली आणि 300 खोके छापायला दिले.